प्रकल्प अहवालातले २३ कोटी

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने साखर कारखान्यांना आदेश दिला की २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात उसाचा रस किंवा सिरप इथेनॉलसाठी वापरू नये. बी हेवी मळीच्या बाबतीत, तेल कंपन्यांनी आधी स्वीकारलेला पुरवठा तेवढा चालू ठेवण्याची मुभा होती. आठवडाभरात हा आदेश सैल झाला आणि १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस व बी हेवी मळी दोन्ही वापरायला परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठीचे निर्बंध उठले. आदेशामागचे कारण सगळ्यांना दिसत होते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता, ऊस कमी येणार होता आणि साखरेचे भाव वर जाण्याची धास्ती होती.

२०१८ नंतर व्याज सवलतीच्या योजनेचा आधार घेऊन ज्यांनी डिस्टिलरी उभी केली किंवा वाढवली, त्यांच्या प्रकल्प अहवालात निव्वळ वर्तमान मूल्याचा, म्हणजे एनपीव्हीचा, आकडा होता. येणाऱ्या वर्षांतली रोख मिळकत ठरावीक दराने आजच्या किमतीला आणायची आणि तीतून भांडवली खर्च वजा करायचा. उरलेली रक्कम शून्याच्या वर असेल तर प्रकल्प करण्याजोगा. अहवालाच्या शेवटी बहुधा एक तक्ताही असतो: विक्री दर १० टक्के घटला तर काय, कच्चा माल १० टक्के महागला तर काय. ‘जोखीम विश्लेषण’ या शीर्षकाखाली तो छापला जातो आणि संचालक मंडळ व बँक दोघांचेही समाधान होते. डिसेंबर २०२३ मध्ये जे घडले ते या तक्त्याच्या एकाही ओळीत बसणारे नव्हते. तक्त्यातले गणित बरोबर असूनही असे का होते, हे पाहण्यासाठी एक प्रकल्प शेवटपर्यंत सोडवून पाहणे उपयोगी आहे.

प्रकल्प काल्पनिक आहे, पण त्याचे आकडे व्यवहाराला धरून, सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची डिस्टिलरी, खर्च ९० कोटी. वर्षाला २५० दिवस चालली तर दीड कोटी लिटर इथेनॉल. बी हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर २०२२-२३ पासून लिटरला ६०.७३ रुपये आहे. आपण ६० धरू. एक टन बी हेवी मळीतून सुमारे ३०० लिटर निघते आणि मळी टनाला १२ हजार रुपये धरली, म्हणजे लिटरमागे ४० रुपये. प्रक्रियेचा खर्च लिटरला ४ रुपये. लिटरमागे १६ रुपये उरतात, वर्षाचे २४ कोटी. पगार, देखभाल, विमा असा स्थिर खर्च ४ कोटी वजा केला की हाती २० कोटी. दहा वर्षे, १२ टक्के दर. या दराने दहा वर्षांच्या वार्षिक एका रुपयाची आजची किंमत ५.६५ रुपये. म्हणून मिळकतीचे वर्तमान मूल्य ११३ कोटी आणि एनपीव्ही २३ कोटी. कर आणि महागाई या हिशेबात घेतलेली नाही, कारण आपला प्रश्न वेगळा आहे.

पहिले हत्यार संवेदनशीलता विश्लेषणाचे. यात एकच गृहीतक हलवायचे, बाकी सगळी जागच्या जागी ठेवायची. इथेनॉलचा दर १० टक्के घटवला तर एनपीव्ही २३ कोटींवरून उणे २८ कोटींवर येतो. मळी १० टक्के महागली तर उणे ११. दिवस १० टक्के घटले, म्हणजे २२५ झाले, तर एनपीव्ही ९ कोटींच्या थोडा वर राहतो. भांडवली खर्च १० टक्के वाढला तर १४ कोटी. स्थिर खर्च तेवढाच वाढला तर दोन कोटींचा फरक, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा.

हाच हिशेब उलट्या बाजूने केला तर जास्त बोलका होतो. एनपीव्ही शून्यावर यायला प्रत्येक गृहीतक किती हलावे लागेल? वर्षाला किमान १५.९ कोटी हाती यायला हवेत. इथेनॉलचा दर ६० वरून ५७.३० रुपये झाला की प्रकल्प काठावर येतो. ही घट अवघी साडेचार टक्के आहे. मळी टनाला १२,८०० झाली की तीच स्थिती. दिवस मात्र २०८ पर्यंत घसरले तरी चालते, आणि प्रकल्पाचा खर्च ११३ कोटींवर गेला तरी चालते. या हिशेबातून प्रकल्पाची बांधणी दिसते. लिटरमागच्या ६० रुपयांतून फक्त १६ उरतात. त्यामुळे दर आणि मळी यांच्यातल्या अंतरावर सगळा भार आहे, बांधकामाच्या कंत्राटावर नाही. संचालक मंडळाने निविदा पडताळण्यात घालवलेल्या वेळेच्या निम्मा वेळ तरी मळीच्या किमतीवर घालवायला हवा, हे संवेदनशीलता विश्लेषण स्पष्ट सांगते, आणि ही सेवा लहान नाही.

पण ते तिथेच थांबते. तक्ता वाचणाऱ्याला वाटते की इथेनॉलचा दर हा सर्वांत मोठा धोका आहे आणि डिस्टिलरीचे दिवस हा त्यामानाने सौम्य. हा क्रम खरा धरला तर चूक होईल, कारण सगळ्या गृहीतकांना सारखेच १० टक्के हलवण्याला निसर्गात किंवा धोरणात काहीही आधार नाही. इथेनॉलचा दर सरकार ठरवते. बी हेवीचा दर २०२२-२३ नंतर वाढला नाही, पण घटलाही नाही. दिवस मात्र उसावर ठरतात, त्यांची गोष्ट निराळी. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे ८४ लाख टन होते, पुढच्याच हंगामात ते ४२ लाखांवर आले. २०१८-१९ मध्ये १०७ लाख टन, २०१९-२० मध्ये सुमारे ६२ लाख. म्हणजे दहा टक्क्यांची घट ही इथे किरकोळ बाब आहे; खरी घट येते तेव्हा चाळीस-पन्नास टक्क्यांची येते. संवेदनशीलता दोन गोष्टींनी बनते: गृहीतक हलले तर एनपीव्ही किती हलतो, आणि ते गृहीतक मुळात किती हलू शकते. ठरावीक टक्क्यांचा तक्ता पहिलीच सांगतो. दुसरी सांगायला त्या त्या गृहीतकाचा इतिहास काढावा लागतो, आणि तो साखर आयुक्तालयाच्या हंगामवार आकडेवारीत उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट तक्त्यात लपते. ‘दिवस २२५ झाले तर’ याचा अर्थ तक्त्यात दहाही वर्षे २२५ असा असतो. दुष्काळ असा येत नाही. तो एक-दोन हंगाम येतो आणि जातो. समजा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी डिस्टिलरी १२० दिवसच चालली, बाकी आठ वर्षे पूर्ण. एनपीव्ही साधारण ४ कोटींवर येतो. तीच दोन वाईट वर्षे आठवी आणि नववी असतील तर एनपीव्ही साडेतेरा कोटी राहतो. दुष्काळ तोच, त्याची तारीख फक्त बदलली.

परिदृश्य विश्लेषणात सुटे गृहीतक घेत नाहीत. एक अख्खी गोष्ट घ्यायची आणि त्या गोष्टीत जे जे एकत्र हलेल ते एकत्र हलवायचे. यात पहिली चूक बहुतेक जण शीर्षकातच करतात: ‘आशावादी, अपेक्षित, निराशावादी’. निराशावादी म्हणजे सगळी गृहीतके एकाच वेळी १० टक्के वाईट. पण इथेनॉलचा सरकारी दर कोसळला, त्याच वेळी मळी महागली आणि ऊसही कमी आला, अशी वर्षे कोणत्या कारणाने येतील? कारण सांगता येत नसेल तर ते परिदृश्य नाही, ती नुसती वजाबाकी आहे.

२०२३ सारख्या वर्षाला मात्र कारणांची साखळी आहे. पाऊस कमी, म्हणून ऊस कमी. ऊस कमी म्हणून मळी कमी आणि डिस्टिलरीचे दिवस कमी. साखर कमी होणार म्हणून तिचे भाव वर, आणि भाव वर गेले की सरकारचा हात इथेनॉलकडे जाणाऱ्या साखरेवर. इथे बी हेवी मळीचा एक गुण लक्षात घ्यायला हवा. पाकातून साखर टप्प्याटप्प्याने काढतात. बी हेवी मळी म्हणजे शेवटच्या टप्प्यात निघणारी साखर न काढता मळीतच सोडलेली. त्यामुळे तिची खरी किंमत ही सोडून दिलेल्या साखरेची किंमत असते. साखर महागली की मळीही महागते, मग कारखान्याच्या आतल्या हस्तांतरण दरात ते दिसो वा न दिसो. अनेक अहवालांत स्वतःची मळी स्वस्तात धरून डिस्टिलरीचा एनपीव्ही फुगवलेला असतो. तो नफा डिस्टिलरीने मिळवलेला नसतो, साखर विभागाच्या खिशातून आलेला असतो.

हे परिदृश्य आकड्यांत मांडू. दुसऱ्या वर्षी दुष्काळ: दिवस १५०, मळी टनाला १४ हजार. पाऊस कमी झाल्याने लागण घटते आणि खोडवा वाळतो, म्हणून त्याचा पूर्ण फटका पुढच्या हंगामात बसतो: तिसऱ्या वर्षी दिवस १२०, मळी तेवढीच महाग. इथेनॉलचा दर मात्र ६० वरच, कारण तो सरकारी आहे. लिटरमागचे १६ रुपये आता ९.३३ होतात. दुसऱ्या वर्षी हाती येतात ४.४ कोटी, तिसऱ्या वर्षी २.७ कोटी. बाकीची आठ वर्षे नेहमीची धरली तरी एनपीव्ही उणे पावणेदोन कोटींच्या आसपास येतो.

यात पाहण्यासारखे दोन मुद्दे आहेत. याच दोन वर्षांत फक्त दिवस घटवले आणि मळी १२ हजारांवरच ठेवली, तर एनपीव्ही साडेसहा कोटी उरतो. फक्त मळी महाग केली आणि दिवस पूर्ण ठेवले, तर जवळपास आठ कोटी. म्हणजे एकेक गृहीतक हलवून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा प्रकल्प वाचलेला दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच दुष्काळातून आल्या की तो बुडतो. आणि दोन्ही तोटे नुसते बेरजेने जोडले तरी उत्तर चुकते, या वेळी उलट दिशेने. बेरजेने एनपीव्ही उणे साडेआठ कोटींच्या पुढे गेला असता, पण लिटरच कमी तयार झाल्यामुळे महाग मळीचा मार थोडा हलका होतो. गृहीतके एकमेकांत गुंतलेली असतात तेव्हा त्यांचा एकत्रित परिणाम प्रत्यक्ष मांडूनच काढावा लागतो.

दुसरा मुद्दा एनपीव्हीच्या बाहेरचा आहे आणि माझ्या मते या परिदृश्याचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष तोच आहे. उणे पावणेदोन कोटी हा नव्वद कोटींच्या प्रकल्पात घाबरवणारा आकडा नाही. पण ९० कोटींपैकी ६३ कोटी कर्ज असेल आणि मुद्दल सात समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे असेल, तर वर्षाचे ९ कोटी नुसते मुद्दलाचे झाले. दुष्काळाच्या दोन वर्षांत प्रकल्पाच्या हाती येतात ७ कोटींच्या किंचित वर, आणि मुद्दलाचे देणे १८ कोटी, व्याज वेगळेच. चौथ्या वर्षापासून पुन्हा २० कोटी येणार आहेत हे खरे, पण तोवर खाते थकीत झालेले असते. बँका अहवालात कर्जाच्या मुदतीतला सरासरी डीएससीआर पाहतात आणि समाधानी होतात. हप्ता मात्र सरासरी वर्षातून भरला जात नाही, त्या त्या वर्षातून भरला जातो. एनपीव्ही हा आकडा दहा वर्षांची रोख एकत्र मळून काढलेला असतो, त्यामुळे त्यात मधल्या दोन वर्षांचा श्वास कोंडलेला दिसत नाही. परिदृश्य वर्षागणिक मांडले की दिसतो.

अशी एक-दोनच परिदृश्ये पुरतात, पण ती खरोखर वेगळी असावीत. या उद्योगात दुसरे परिदृश्य दुष्काळाचे नाही, सुकाळाचे घ्यायला हवे. ऊस भरपूर, मळी भरपूर, पण तेल कंपन्यांची मागणी ठरलेली आणि तिच्यात मक्यावर व इतर धान्यावर चालणाऱ्या प्रकल्पांचा वाढता वाटा. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठल्यावर देशाची इथेनॉल क्षमता मागणीच्या पुढे गेली आहे, त्यामुळे टाकी भरलेली आणि कोटा अपुरा, ही शक्यता आता कागदावरची राहिलेली नाही. पहिल्या परिदृश्यात मळी नसते, दुसऱ्यात गिऱ्हाईक नसते. दोन्हींवरचे उपाय सारखे असू शकत नाहीत. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या धान्यावरही चालाव्यात यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. पहिल्या परिदृश्यात या बदलाला किंमत आहे, कारण मळी संपल्यावर मक्यावर काही दिवस काढता येतात. दुसऱ्यात ती फारशी नाही. गुंतवणूक करावी का, हे या दोहोंपैकी कोणती गोष्ट आपल्या तालुक्यात जास्त संभवते यावर ठरेल, आणि परिदृश्य विश्लेषण नेमके तेच सांगत नाही. ‘असे झाले तर’ एवढेच ते सांगते. ‘असे किती वेळा होईल’ हे नाही.

त्या प्रश्नासाठी सिम्युलेशन. स्तानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात लॉस अलामॉसमध्ये न्यूट्रॉनच्या हालचालींसाठी जी मोंते कार्लो पद्धत घडवली, ती भांडवली प्रकल्पांना लावण्याची मांडणी डेव्हिड हर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात केली. पद्धत सरळ आहे. प्रत्येक अनिश्चित गृहीतकाला एका आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा आणि त्या पट्ट्यातली शक्यता द्यायची. संगणकाने त्यातून एकेक आकडा उचलायचा, एनपीव्ही काढायचा, आणि हे हजारो वेळा करायचे. शेवटी एका एनपीव्हीऐवजी एनपीव्हींचा विस्तार हाती येतो: सरासरी किती, पसारा किती, आणि शंभरात किती वेळा शून्याखाली.

आपल्या डिस्टिलरीला हे लावू. पहिला प्रयत्न, जसा बहुतेक सल्लागार करतील: दिवस सरासरी २५०, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले, प्रमाणित विचलन ५० दिवस. मळी सरासरी १२ हजार, प्रमाणित विचलन १,२०० रुपये. दोन्ही दर वर्षी नव्याने उचलायचे. उत्तर येते: सरासरी एनपीव्ही २३ कोटी, आणि शून्याखाली जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ६. संचालक मंडळात हा आकडा दाखवला तर प्रकल्प त्याच बैठकीत मंजूर होईल.

आता दिवसांकडे पुन्हा पाहू. डिस्टिलरीला वरच्या बाजूला मर्यादा आहे. परवाना, क्षमता आणि देखभालीचे दिवस यांच्यापुढे ती जाऊ शकत नाही. खालच्या बाजूला मात्र दुष्काळात दिवस निम्मे होतात. म्हणजे विस्तार दोन्हीकडे सारखा नाही. वर सांगितलेले हंगाम पाहता, दहापैकी आठ वर्षे २५० दिवस आणि दोन वर्षे १३० दिवस असे धरणे अवाजवी नाही. असे धरले की सरासरी २२६ दिवस होते आणि सरासरी एनपीव्ही २३ वरून थेट १० कोटींवर येतो. एकही वाईट बातमी नव्याने आलेली नाही. फक्त ‘नेहमीचे वर्ष’ आणि ‘सरासरी वर्ष’ यांतला फरक हिशेबात आला. प्रकल्प अहवालातला मूळ आकडा नेहमीच्या वर्षाचा होता, आणि एनपीव्हीच्या व्याख्येला लागते ती सरासरी. शून्याखाली जाण्याची शक्यता आता शंभरात सुमारे २३ होते. सिम्युलेशनने आपल्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि ती जोखमीच्याही आधी मूळ अंदाजाबद्दल आहे.

पुढचा बदल अजून मोठा आहे, आणि तो कुठल्याच पट्ट्याच्या रुंदीत दिसत नाही. आपण मळीची किंमतही दर वर्षी नव्याने उचलत होतो. म्हणजे या वर्षी मळी महाग, पुढच्या वर्षी कदाचित स्वस्त. दहा वर्षांत चढउतार एकमेकांना खोडून काढतात आणि एनपीव्हीचा पसारा आक्रसतो. पावसाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण मळीची किंमत आणि इथेनॉलचा दर यांतले अंतर पावसासारखे वागत नाही. उसाची एफआरपी २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२३-२४ मध्ये ३१५, २०२४-२५ मध्ये ३४०. याच तीन वर्षांत रसापासूनच्या इथेनॉलचा ६५.६१ आणि बी हेवीचा ६०.७३ हा दर हलला नाही. कच्चा माल साडेअकरा टक्के महाग आणि विक्रीचा दर जिथल्या तिथे: हे एका वर्षाचे वारे नाही, हा साचणारा दाब आहे. एकदा अंतर आकसले की ते पुढच्या वर्षीही आकसलेलेच राहते, धोरण बदलेपर्यंत.

म्हणून सिम्युलेशनमध्ये मळीची किंमत प्रत्येक फेरीत एकदाच उचलू आणि दहाही वर्षे तीच ठेवू. पाऊस मात्र वर्षागणिक नवा. पट्टे तेच, विचलन तेच, सरासरी एनपीव्ही तोच १० कोटी. पण शून्याखाली जाण्याची शक्यता आता शंभरात सुमारे ३८ होते, आणि एनपीव्हीचे प्रमाणित विचलन साडेतेरा कोटींवरून जवळपास ३२ कोटींवर जाते. खरे चित्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल, कारण किंमत दहा वर्षे अगदी गोठून राहत नाही. पण एकाच प्रकल्पाची, एकाच संगणकावर काढलेली जोखीम ६, २३ आणि ३८ अशी तीन वेळा बदलली, आणि तीही केवळ विस्ताराचा आकार व वर्षांमधले नाते कसे धरले यावर.

सिम्युलेशनबद्दलचा माझा आक्षेप इथे आहे, पण तो पद्धतीवर नाही. दहा हजार फेऱ्या केल्या की उत्तर दशांशापर्यंत स्थिर होते आणि ती स्थिरता अचूकतेसारखी दिसते. फेऱ्या वाढवल्याने फक्त संगणकाच्या निवडीतली गफलत कमी होते. गृहीतकांतली होत नाही. ‘९४ टक्के शक्यतेने एनपीव्ही धन’ असे वाक्य अहवालात आले तर वाचणाऱ्याने पहिला प्रश्न असा विचारावा: यातली कोणती गृहीतके वर्षागणिक नव्याने उचलली आणि कोणती पुढे चालू ठेवली? अहवालात याचे उत्तर नसेल तर तो ९४ वाचण्यासारखा नाही. दुसरा प्रश्न, कोणती गृहीतके एकत्र बांधली. पावसाळा वाईट आणि मळी महाग हे एकाच फेरीत यावे अशी बांधणी नसेल, तर त्या दहा हजार फेऱ्यांत आपण वर मांडलेले दुष्काळाचे परिदृश्य केवळ योगायोगानेच येईल. परिदृश्य आधी लिहिले असेल तरच सिम्युलेशनला काय बांधायचे ते कळते. आणि परिदृश्यात कोणती गृहीतके घ्यायची हे संवेदनशीलतेच्या तक्त्यावरून कळते. या तीन पद्धतींपैकी एक निवडायची नसते. त्यांचा क्रम असतो.

हजारो फेऱ्यांतला संगणक आणखी एक गोष्ट विसरतो. मळी टनाला १७ हजार झाली तर लिटरमागे उरते शून्याच्याही खाली, तरी तो इमानेइतबारे इथेनॉल काढत राहतो. खरा कारखाना त्या वर्षी सी मळीपर्यंत साखर काढेल, साखर चढ्या भावाने विकेल आणि डिस्टिलरी कमी चालवेल. निर्णय बदलण्याची ही मुभा हिशेबात न घेतल्यास डाव्या टोकाचे तोटे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. उलट, ज्या वर्षी निर्णय कारखान्याच्या हातातच नसतो, जसा डिसेंबर २०२३ मध्ये नव्हता, त्या वर्षाचे तोटे लहान दिसतात.

राहिला १२ टक्क्यांचा दर. त्यात जोखमीचा मोबदला आधीच धरलेला आहे; सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या परताव्याहून तो जास्त आहे तो त्यासाठीच. त्याच दराने काढलेल्या एनपीव्हींचा पसारा पाहून ‘जोखीम जास्त, म्हणून नको’ असे म्हणणे म्हणजे एकाच जोखमीची किंमत दोनदा वसूल करणे होय. वित्तशास्त्राचे पाठ्यपुस्तक तर यापुढे जाऊन सांगते की एका तालुक्यातला दुष्काळ ही विखुरता येणारी जोखीम आहे. ज्याचा पैसा शंभर ठिकाणी गुंतलेला आहे त्या भागधारकाला तिचा मोबदला मागण्याचे कारण नाही, कारण इथला दुष्काळ तिथल्या सुकाळाने भरून निघतो. मुंबईतल्या बँकेच्या किंवा देशभर कारखाने असलेल्या कंपनीच्या बाबतीत हे बरोबर आहे, आणि त्यांच्यासाठी एकट्या प्रकल्पाचा पसारा खरोखरच दुय्यम आहे.

सहकारी कारखान्याचा सभासद त्या भागधारकासारखा नसतो. त्याचा ऊस त्याच पाणलोटातला, त्याचा भाग भांडवलाचा हिस्सा त्याच कारखान्यातला, आणि पीक कर्ज देणारी सोसायटीही त्याच गावातली. ज्या वर्षी डिस्टिलरी १२० दिवस चालते त्याच वर्षी त्याच्या शेतातले टनेजही निम्म्यावर आलेले असते, आणि कारखान्याला हप्ता भरायचा असल्याने उसाचे बिल उशिरा निघते. त्याच्यासाठी प्रकल्पाचा संपूर्ण पसारा मोजला पाहिजे, आणि तोही सुटा नाही, त्याच्या उसाच्या उत्पन्नाशी बांधून. त्यामुळे वार्षिक सभेपुढे डिस्टिलरीचा ठराव येतो तेव्हा बँकेसाठी तयार केलेला तक्ता त्याला पुरेसा नाही. त्याला २०१६-१७ किंवा २०१९-२० सारखे दोन सलग हंगाम घेऊन, त्या वर्षांत डिस्टिलरीची रोख, कर्जाचा हप्ता आणि उसाच्या बिलाला उरणारी रक्कम एकाच पानावर मांडलेली मिळाली पाहिजे. त्या पानासाठी लागणारे सगळे आकडे कारखान्याच्या स्वतःच्या गाळप अहवालांत आहेत.